रांगत्या-चालत्या बाळासाठी खेळणं घेताना: तुकडे, रंग आणि प्लास्टिक कसं तपासायचं

बाळाचं खेळणं घेताना तीन गोष्टी बघाव्या लागतात: त्याचा बारीक तुकडा सुटेल का, रंग कसला लावलाय आणि प्लास्टिक कुठलं आहे. तिन्हींचा उल्लेख एका दमात होतो, म्हणून वाटतं की तिन्ही सारख्याच पद्धतीने तपासता येतील. प्रत्यक्षात तुकड्यांची तपासणी दुकानात उभ्या उभ्या हाताने होते. प्लास्टिक अर्धंमुर्धं ओळखता येतं. रंगातलं शिसं मात्र डोळ्याला, नखाला, नाकाला, कशालाच कळत नाही. तिथे खेळणं कोणी बनवलं आणि त्याच्यावर कुठला शिक्का आहे हेच विचारावं लागतं. कुठे हाताचा भरवसा धरायचा आणि कुठे कागदाचा, एवढं नीट कळलं की निम्मं काम झालं.

बेळगावात दोन्ही तऱ्हेचा माल समोर येतो. खडे बाजारातल्या दुकानात खोक्यातली, छापील माहितीची खेळणी मिळतात. वडगावच्या मंगाई यात्रेत किंवा सौंदत्तीच्या डोंगरावर पालांत टांगलेली सुटी खेळणी मिळतात, त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं. शिवाय गोकाकची लाकडी फळं, घाटाखालून सावंतवाडीहून येणारी खेळणी आणि चन्नपट्टणची लाखेची खेळणी आहेतच. पुढचं सगळं एक ते तीन वर्षांच्या मुलाला धरून लिहिलंय, कारण हातात येईल ते तोंडात घालायचं वय हेच.

आधी नळी करा

खेळण्यांची अधिकृत चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत एक छोटी धातूची नळी असते. आतून ३१.७ मिलिमीटर रुंद, तळ तिरका, खोली एका बाजूला साधारण अडीच सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला ५.७ सेंटीमीटर. ही मापं लहान मुलाच्या घशाच्या अंदाजाने ठरवलेली आहेत. खेळणं किंवा त्याचा सुटलेला भाग न दाबता या नळीत पूर्ण मावला, तर ते तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाद.

ही नळी घरी करायला पाच मिनिटं लागतात. जुनी लग्नपत्रिका घ्या, तिचा पुठ्ठा बरोबर जाडीचा असतो. १२ सेंटीमीटर लांब आणि ५.७ सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. एका टोकापासून १० सेंटीमीटरवर पेनाने रेघ मारा. पट्टी गोल वळवून ते टोक रेघेला टेकवा, उरलेले दोन सेंटीमीटर बाहेरून चिकटवून टाका. आतला घेर १० सेंटीमीटर म्हणजे रुंदी जवळजवळ ३२ मिलिमीटर, पाहिजे तेवढीच. खात्रीसाठी नळीच्या तोंडावर मोजपट्टी आडवी धरून मोजा. घरच्या नळीचा तळ तिरका नसतो, त्यामुळे ती प्रयोगशाळेतल्या नळीपेक्षा किंचित जास्त कडक ठरते. आपल्याला तेच हवंय.

वापरायची रीत साधी. नळी तळहातावर उभी ठेवायची आणि तुकडा आत सोडायचा. आडवा, उभा, तिरका, सगळ्या बाजूंनी करून बघायचं. एका जरी बाजूने तो पूर्ण आत गेला आणि वर काही उरलं नाही, तर तो धोक्याचा. आपल्या खिशातलं दहाचं नाणंसुद्धा २७ मिलिमीटरचं असतं, ते आरामात जातं. यावरून कळेल की नळीत मावणारी वस्तू आपण समजतो तेवढी बारीक नसते.

गोल वस्तूला हे माप पुरत नाही. चेंडू घशात अडकला की श्वास पूर्ण बंद करतो आणि ओला असल्यामुळे बोटाला सापडतही नाही. म्हणून चेंडूसाठी ४४.५ मिलिमीटरचं वेगळं माप आहे. त्याच पत्रिकेतून दोन सेंटीमीटर रुंदीची, १४ सेंटीमीटर घेराची कडी करून घ्या. जो चेंडू आपल्या वजनाने कडीतून पडेल तो तीन वर्षांखाली नको. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो पडतोच. टणाटण उडणारे छोटे रबरी चेंडू आणि गोट्या यांचा तर प्रश्नच नाही.

सुटा तुकडा दिसत नसतो, तो सुटवावा लागतो

नळीत मोठं खेळणं घालून बघण्यात अर्थ नाही, ते मावणार नाहीच. बघायचा तो त्याचा डोळा, नाक, चाक, शिट्टी, टोपीचा गोंडा, टोकाला लावलेला मणी. प्रयोगशाळेत असा भाग चिमट्यात धरून सुमारे नऊ किलोच्या जोराने दहा सेकंद ओढतात. अगदी बारीक भागाला जोर कमी, पाच किलोच्या आसपास. नऊ किलो म्हणजे पंधरा लिटरची बादली अर्ध्याहून थोडी जास्त भरली की हाताला जेवढी ओढ लागते तेवढी. एकदा घरी बादली उचलून तो जोर हाताला माहीत करून घ्या, मग दुकानात अंदाज चुकत नाही.

दुकानात करायचं ते असं. बाहुलीचा किंवा अस्वलाचा डोळा दोन नखांच्या मध्ये धरून ओढा, मग पिळा, मग पुन्हा ओढा. डोळ्याखाली नख शिरलं तर बाळाचे पुढचे दात नक्की शिरणार. चिकटवलेले डोळे सरळ बाद करा. धाग्याने भरलेले डोळे सगळ्यात बरे, त्यात सुटायला काही नसतंच. गाडीचं चाक धरून आसाच्या दिशेने बाहेर ओढा. छोट्या गाड्यांची चाकं बहुतेक दोन-अडीच सेंटीमीटरची असतात, म्हणजे निघाली की थेट नळीत जाणार, आणि मागे उरतो टोकदार लोखंडी आस. चाकं साडेतीन सेंटीमीटरहून मोठी असतील तर निघाली तरी गिळली जाणार नाहीत. मग फक्त त्या आसाचं टोक बघायचं.

दाबल्यावर चूं-चूं करणाऱ्या बदकाकडे मात्र कोणी वळूनही बघत नाही. त्याच्या पोटाखाली दोनएक सेंटीमीटरची गोल चपटी शिट्टी बसवलेली असते, ती नुसत्या दाबाने भोकात बसते, चिकटवलेली नसते. बदक जोरात दाबून अंगठ्याने त्या चकतीची एक कडा आत ढकला. हलली तर बदक परत ठेवा. नवं असताना घट्ट बसलेली शिट्टीसुद्धा प्लास्टिक सैल पडल्यावर सुटते.

विक्रेता कुरकुरतो, हे धरूनच चालायचं. "ओ ताई, असं ओढल्यावर कुठलंबी मोडतंय की ओ!" असं एका पालवाल्याने आमच्या वहिनींना ऐकवलं होतं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "अण्णा, घरी गेल्यावर ओढणारी आमची बया माझ्यापेक्षा दांडगी आहे." पाहिजे तर आधीच सांगून टाका की मोडलं तर पैसे देतो. मोडलेल्या खेळण्याचे पैसे देऊन ते घरी न नेणं हा तोट्याचा सौदा नाही.

दोरीचंही इथेच बघून घ्या. ओढायच्या गाडीची दोरी मान वेढेल एवढी लांब नको. दीड वर्षाच्या आतल्या मुलासाठी बावीस सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक वीत, ही हद्द धरा. दोरी कापता येते, त्यासाठी चांगली गाडी सोडू नका. टोकाला मणी असेल तर तोही कापून टाका.

खोक्यावर "तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही" असं लिहिलेलं असतं किंवा ०-३ आकड्यावर काट मारलेला चेहरा छापलेला असतो. पुष्कळ घरांत याचा अर्थ "आमचं बाळ हुशार आहे, त्याला जमेल" असा लावला जातो. या सूचनेचा हुशारीशी संबंध नाही. तिचा अर्थ एवढाच की आत नळीत मावणारा तुकडा आहे किंवा सुटू शकतो, आणि बनवणाऱ्याला ते माहीत आहे.

बटण सेल: इथे घासाघीस नाही

यात्रेतल्या चमचमणाऱ्या भिंगऱ्या, आवाज करणारी पुस्तकं, दिव्याच्या अंगठ्या, यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला की लाळेमुळे वीजप्रवाह सुरू होऊन आतलं मांस जळायला लागतं, आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. झाकण स्क्रूने बसवलेलं असेल आणि स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडत नसेल तरच असं खेळणं घरात आणा. नखाने सरकणारं झाकण असेल तर नको. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका आणि बाळ ठीक दिसतंय म्हणून वाट बघत बसू नका. खानापूर, निपाणी, चंदगड भागातल्यांनी आधी फोन करून एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेलं इस्पितळ कुठलं ते विचारून तिकडेच निघावं. एक्स-रे न काढता नुसती तपासणी करून घरी पाठवण्यात वेळ हातचा जातो.

रंग: नख काय सांगतं आणि काय सांगत नाही

रंगाबाबत दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, रंग सुटतो का? दुसरा, रंगात शिसं आहे का? पहिल्याचं उत्तर तुमच्याकडे आहे, दुसऱ्याचं नाही.

सुटतो का ते बघायला रंग खेळण्याच्या कडेला, तळाला आणि चाकाच्या भोकाशी बघा, कारण वरचा दर्शनी भाग सगळेच नीट रंगवतात. तिथे नखाने ओरखडा. पापुद्रा निघाला तर संपलं. मग पांढरा रुमाल ओला करून मिनिटभर जोर देऊन घासा, बाळाची लाळ हेच काम दिवसभर करते. रुमालावर रंग आला तर तेही बाद. सेलोटेपचा तुकडा चिकटवून झटक्यात ओढला आणि टेपवर रंगाचे ठिपके आले, तरी उत्तर तेच.

आता उलट बाजू. नख, रुमाल, टेप तिन्हींतून पास झालेल्या रंगातही शिसं असू शकतं. शिशाचा रंग उलट चांगला टिकतो, चमकतो आणि लवकर वाळतो, म्हणून तर कारखाने तो वापरत आले. पिवळा आणि नारिंगी रंग भडक करायला शिशाचं क्रोमेट वापरायची जुनी रीत आहे. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा करतात, म्हणून हिरवाही त्यातच आला. शिशाची चव गोडसर असते, त्यामुळे मूल तेच तेच चाटतं. मोठ्या माणसाच्या पोटातून जेवढं शिसं अंगात भिनतं त्याच्या चार-पाच पट मुलाच्या पोटातून भिनतं, आणि त्याची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही. परिणाम मेंदूवर होतो, तोही हळूहळू, त्यामुळे "आमच्या मुलाला काही झालं नाही" हा पुरावा होत नाही.

घरगुती रंगासाठी भारतात कायदा आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि शोभेच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. पण तो नियम घरगुती आणि शोभेच्या रंगापुरता आहे. यंत्राला, ट्रॉलीला, गेटला मारायचा औद्योगिक रंग त्यात येत नाही. एखाद्या छोट्या शेडमध्ये खेळणी रंगवणाऱ्याने स्वस्तात मिळाला म्हणून तोच डबा उघडला तर बाहेरून काही कळणार नाही. उद्यमबाग, मच्छे भागात कामाला असणाऱ्यांच्या घरी असा उरलेला डबा हमखास असतो. तो पाळण्याला किंवा जुन्या पांगुळगाड्याला लावू नका. पांगुळगाडा रंगवायचाच असेल तर शिशाची मर्यादा छापलेला घरगुती रंगाचा नवा डबा आणा. माळ्यावरच्या जुन्या गाड्याचा रंग पॉलिश पेपरने घासून काढायचा मोह टाळा, कारण जुना रंग शिशाचा असेल तर ती धूळ रंगापेक्षा वाईट. तो गाडा शोभेला ठेवा, बाळाला नको.

लाख की ऑइल पेंट

"लाखेचा रंग आहे, एकदम नैसर्गिक," हे वाक्य हस्तकलेच्या दुकानात हमखास ऐकू येतं. लाखेचं काम कसं होतं ते माहीत असलं तर या वाक्याची परीक्षा तिथेच घेता येते. चन्नपट्टणच्या पद्धतीत लाकूड लेथवर फिरत असताना रंग मिसळलेली लाखेची कांडी त्याच्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने ती घासून चकाकी आणतात. म्हणजे लाख बसते ती लेथवर फिरू शकणाऱ्या गोल भागावर. भोवरा, खुळखुळा, रिंगा, बाहुली, गाडीची चाकं यांवर ती शोभते. गाडीची सपाट फळी किंवा करवतीने कापलेलं घोड्याचं तोंड लेथवर फिरत नाही, तिथे रंग ब्रशनेच लागणार. म्हणून सपाट भागावर ब्रशचे केस, ओघळ, भोकात साचलेला रंग दिसतो का बघा. दिसला आणि विक्रेता "सगळं लाखेचं" म्हणत असेल तर त्याला नेमकं तेवढंच विचारा: "हे सपाट कसं रंगवलंय?" जाणकार माणूस खरं सांगतो. तोंड चुकवणाऱ्याकडून घेऊ नये.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. काहीजण स्पिरिट लावलेला कापूस फिरवतात आणि रंग आला की खेळणं विषारी ठरवतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळतेच, तो तिचा धर्म आहे. म्हणून चांगलं लाखेचं खेळणं या परीक्षेत नापास होईल आणि शिशाचा पक्का ऑइल पेंट पास होईल. त्याच कारणाने लाखेची खेळणी सॅनिटायझरने पुसू नका, ती चिकट आणि मंद होतात. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा.

गोकाक-सावंतवाडीची फळं दिसायला देखणी, पण बाळासाठी घेताना मी कठोर असतो. ती मुळात मांडायची वस्तू, बैठकीत परडीत ठेवायची. लिंबू, चिकू, बोर यांतली बरीच चौदा सेंटीमीटर घेराच्या त्या कडीतून पडतात. देठ म्हणून खुपसलेली काडी ओढली की निघते. रंग वरून हाताने लावलेला असतो. शोकेससाठी जरूर घ्या, भातुकलीत मोठ्या मुलीला द्या, दोन वर्षांच्या हातात नको.

प्लास्टिक ओळखायचं कसं

त्रिकोणातला आकडा बघा, असं सगळे सांगतात. तो बहुतेक वेळा खेळण्यावर नसतोच, वेष्टनाच्या पिशवीवर असतो आणि पिशवीपुरताच खरा असतो. पिशवीवर ५ आहे म्हणून आतलं बदक पाच नंबरचं होत नाही.

साच्यातून निघालेल्या मालाची हाताला सवय झाली की चार जाती वेगळ्या काढता येतात. मेणासारखं गुळगुळीत, वाकवलं तर पांढरी रेघ उमटते पण तुटत नाही, ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन. हे बाळासाठी सगळ्यात बिनघोर. टणक, चकचकीत, पडल्यावर बद्द आवाज, सहज न तुटणारं ते एबीएस, चांगल्या ठोकळ्यांचं. हलकं, काचेसारखं ठिसूळ, पडलं की टण् वाजणारं, वाकवल्यावर कडकन तुटून धारदार कपच्या देणारं ते पॉलिस्टायरिन. स्वस्त गाड्या-बंदुकांत हेच असतं, आणि नळीची परीक्षा पास झालेली गाडीसुद्धा एकदा आपटली की धारेचे तुकडे करते. चौथं मऊ, रबरासारखं, दाबलं की दबणारं. ते बहुधा पीव्हीसी असतं, आणि खरी काळजी त्याचीच.

पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाचा पाइप आठवा. त्याला मऊ करायला तेलासारखं द्रव्य मिसळतात. स्वस्तातली ती द्रव्यं थॅलेट जातीची असतात, आणि ती प्लास्टिकला बांधलेली नसतात. चोखल्यावर, चावल्यावर हळूहळू बाहेर येतात. शरीरातल्या हार्मोनच्या कामात ती ढवळाढवळ करतात, म्हणून खेळण्यांत त्यांतल्या ठरावीक थॅलेटना वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा घातलेली आहे. मऊ खेळणं दुसऱ्या प्लास्टिकवर ठेवून काही दिवसांनी चिकटलं किंवा त्याच्या अंगाला तेलकट चिकटपणा आला, तर ते द्रव्य बाहेर येतंय असं समजा आणि खेळणं टाकून द्या.

वासाबद्दल सावध असा. उन्हात टांगलेल्या पालातल्या बाहुल्यांना उग्र वास येतो, आणि तो आला तर घेऊ नये हे बरोबर. पण थॅलेटना स्वतःला जवळजवळ वास नसतो. वास आला नाही म्हणून माल चांगला, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

घरी एक पाण्याची परीक्षा करता येते. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन पाण्यावर तरंगतात. एबीएस, पॉलिस्टायरिन आणि पीव्हीसी बुडतात. फक्त वस्तू भरीव पाहिजे. पोकळ बदक हवेमुळे तरंगतं, ते कसलंही असो. शिट्टीचं भोक पाण्याखाली धरून आतली हवा दाबून काढा, पाणी भरू द्या, मग सोडा. तळाला गेलं तर पीव्हीसीची शक्यता मोठी. मऊ असूनही तरंगलं तर ते पीव्हीसी नाही. प्लास्टिकमध्ये खडूची पूड मिसळलेली असेल तर तरंगणारंही बुडतं, म्हणून बुडणं हा पक्का पुरावा नाही, तरंगणं जास्त भरवशाचं. प्लास्टिक जाळून ओळखायचे उद्योग घरात करू नका, पीव्हीसीचा धूर वाईट.

"बीपीए मुक्त" या अक्षरांवर जास्त पैसे देऊ नका. बीपीए हे रसायन मुख्यतः पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक कडक प्लास्टिकशी जोडलेलं आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ते नसतंच, आणि मऊ बदकातल्या थॅलेटबद्दल ही अक्षरं काही बोलत नाहीत. काळ्या कुळकुळीत स्वस्त प्लास्टिकपासून मात्र लांब राहा. भंगारातल्या प्लास्टिकचा कुठलाही रंगीत दाणा काळा करून खपवता येतो, आणि जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या खोक्यांतली आगरोधक रसायनं अशा काळ्या मालात सापडलेली आहेत.

शिक्का कसा वाचायचा

जिथे हात पुरत नाही तिथे शिक्का. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशाने १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, देशी असोत की आयात केलेली. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो: साध्या खेळण्याला आयएस ९८७३, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्याला आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली `CM/L` आणि पुढे परवान्याचे आकडे. नुसतं आयएसआय छापलंय आणि खाली `CM/L` नाही, तर ते चित्र समजा.

मोबाइलवर `BIS Care` ॲप घ्या, त्यात `Verify Licence Details` मध्ये ते आकडे टाका. परवाना कोणाच्या नावाने आहे, कुठल्या मालासाठी आहे आणि चालू आहे की नाही, हे येतं. तिन्ही खोक्याशी जुळवा. खोक्यावर एक कंपनी आणि ॲपमध्ये भलतीच, असं दिसलं तर आकडा उचललेला आहे.

हस्तकलेला यातून सूट आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या खेळण्यांना, आणि भौगोलिक मानांकन असलेल्या मालाला त्याच्या नोंदणीकृत मालकाने किंवा अधिकृत वापरकर्त्याने विकल्यास, आयएसआय लागत नाही. चन्नपट्टणच्या खेळण्यांना ते मानांकन आहे. म्हणून लाकडी खेळण्यावर शिक्का नाही म्हणून ते लगेच बेकायदा ठरत नाही. कारागिराचं ओळखपत्र आहे का विचारा. मात्र ही सूट शिक्क्यापुरती आहे, तुकड्यांची परीक्षा कोणालाच माफ नाही.

एक खरेदी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा भाची दीड वर्षाची आहे आणि समोर तीन वस्तू आहेत: खोक्यातला रिंगा रचायचा मनोरा, पालातलं पिवळं मऊ बदक आणि लाकडी ओढगाडी.

मनोऱ्याच्या खोक्यावर आयएस ९८७३ आणि `CM/L` आहे, ॲपमध्ये कंपनीचं नाव जुळतं, परवाना चालू आहे. रिंगा मेणासारख्या गुळगुळीत. सगळ्यात छोटी रिंग नळीत घालून बघितली, पाच सेंटीमीटरची असल्यामुळे तोंडावरच अडली. राहिला टोकावरचा चेंडू. तो कडीतून पडला नाही आणि पिळूनही निघाला नाही. मनोऱ्याच्या बुडाशी प्लास्टिकची बारीक धार हाताला लागली. साच्याच्या जोडावर अशी धार राहते, बोट फिरवून कातरत नसेल तर चालेल. घेतला.

बदकावर काहीच छापलेलं नाही. शिट्टी अंगठ्याने हलली. इथेच थांबायचं, प्लास्टिक कुठलं ते शोधत बसायची गरज उरली नाही. परीक्षांचा क्रम म्हणून महत्त्वाचा: आधी तुकडे, मग रंग, मग प्लास्टिक. पहिल्यात बाद झालेल्यावर वेळ घालवू नये.

ओढगाडी अडचणीची आहे. चाकं गोल, लाखेची, साडेपाच सेंटीमीटरची, ओढून निघाली नाहीत. दोरी हातभर, ती कापता येईल. फळी सपाट, पिवळी, कोपऱ्याला ब्रशचा ओघळ. ओल्या रुमालावर रंग आला नाही. विक्रेत्याला विचारलं, "काका, फळीला काय लावलंय?" तो म्हणाला, "ऑइल पेंट लावलाय, चाकाला लाख." त्याने खरं सांगितलं हे चांगलं, पण ऑइल पेंट कुठल्या डब्यातला हे त्यालाही माहीत नव्हतं, तो माल दुसऱ्याकडून आणतो. भडक पिवळा, बाळ चावणार ती कड नेमकी तीच. मी ही गाडी घेणार नाही. त्याच दुकानात फळी बिनरंगाची, नुसती घासून गुळगुळीत केलेली गाडी असेल तर ती घेईन, हात फिरवून कुसळ लागत नाही एवढं बघून.

घरी आल्यावर खोकं लगेच टाकू नका, निदान परवान्याच्या आकड्याचा आणि बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खेळण्याची पिशवी, तारा, प्लास्टिकची टोचणी बाळासमोर न उघडता आधीच काढून टाका. दर महिन्याला, खेळणी धुताना, तेच ओढणं-पिळणं पुन्हा करा, कारण शिवण, गोंद आणि सांधे वापराने सैल होतात. आयएसआय असलेल्या खेळण्याचा भाग सुटला किंवा शिक्का खोटा निघाला तर त्याच ॲपमध्ये `Complaints` मधून तक्रार करता येते, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तक्रारीत खेळण्याचं नाव, `CM/L` आकडा, दुकानाचं बिल आणि सुटलेल्या तुकड्याचा नळीशेजारी ठेवून काढलेला फोटो जोडा.